होळीच्या दिवशी सुरू झालेली घसरण

फोंड्यात शिगम्याची मिरवणूक असली की आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला वेळ राहत नाही. सगळे रस्त्यावर. गेल्या साली, म्हणजे मार्च २०२५ मध्ये, मी मात्र आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसले होते. खिडकीतून ढोल-ताशा, 'ओस्सय, ओस्सय' आणि रोमटाचा तो 'घणचे कटर घण' आत येत होता आणि माझ्यासमोरच्या आलेखातली रेघ खाली उतरत होती.

गोव्यातली देवळं, जत्रा, सणवार आणि घरचं जेवण यांवर मी मराठीत एक साइट चालवते. एकहाती काम, नऊ वर्षांचं. लिहिलेलं वाचायला येणारे बहुतेक लोक गूगलवरून येतात, त्यामुळे जाहिरातींचे जे काही चार पैसे मिळतात तेही गूगलच्याच मर्जीवर. १३ मार्चला, होळीच्याच दिवशी, गूगलने आपला 'कोअर अपडेट' सुरू केल्याचं जाहीर केलं. कुठलं पान कोणाच्या वर दाखवायचं याचं गणितच ते अशा वेळी सगळीकडे नव्याने मांडतात. तीन-चार दिवसांत माझ्याकडचे वाचक दिसण्याइतके घटले. बातमी आणि घसरण दोन्ही एकाच आठवड्यात आल्यावर दुसरं काय मनात येणार? अपडेटने मारलं.

मग मी घाबरलेला माणूस करतो तेच केलं. १६ तारखेला रात्री बसून देवळांवरच्या सहा लेखांची शीर्षकं बदलली, प्रत्येकाच्या शेवटी 'संपूर्ण माहिती २०२५' असं चिकटवून दिलं. (आता वाचताना लाज वाटते. तीन लेखांत एकही ओळ २०२५ सालची नव्हती.) दुसऱ्या दिवशी शिगम्याला घरी आलेल्या भाच्याला म्हटलं, तुला कळतं ना यातलं, बघ काय करता येतंय. तो तासभर खटपट करून म्हणाला, "मावशी, तुझे पत्ते फार घाण होते, साफ केले." मला त्या वेळी पत्ते म्हणजे काय हे विचारायचंही भान नव्हतं. कुणीतरी काहीतरी केलं एवढ्यावरच मला बरं वाटलं.

सावरलं ते म्हापशाच्या मैत्रिणीने. ती हॉटेलांच्या साइटी सांभाळते, असले अपडेट तिने डझनभर पाहिलेत. मी खतखत्याच्या पाककृतीचा लेख नव्याने लिहायला घेतलाय असं फोनवर सांगितलं, तर ती ओरडलीच. "अगो, हात लावू नको! अजून अपडेट चालूच आहे. आणि तो लेख पडलाय हे तुला कुणी सांगितलं?" कुणीच सांगितलं नव्हतं. तो माझा सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख, म्हणून तोच पडला असणार, असं मीच धरून चालले होते.

तिने सांगितलेलं पहिलं काम म्हणजे थांबणं. गूगल आपल्या `status.search.google.com` या पानावर अपडेट कधी सुरू झाला आणि कधी संपला ते नोंदवतं. हा अपडेट संपला २७ मार्चला. मधल्या दोन आठवड्यांत पानं वरखाली होतच असतात, आज सातवं दिसलं ते परवा चौथं असू शकतं. गूगलचीही सूचना अशीच आहे की अपडेट पुरा झाल्यावर निदान एक पूर्ण आठवडा जाऊ द्यावा आणि मग तो आठवडा अपडेट सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्याशी ताडून बघावा. म्हणजे माझ्यासाठी एका बाजूला ६ ते १२ मार्च आणि दुसऱ्या बाजूला २८ मार्च ते ३ एप्रिल. दोन्हीकडे आठवड्याचे सातही वार एकेकदा, कारण रविवारचा वाचक आणि मंगळवारचा वाचक सारखा नसतो. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात साइटवाल्याला आपल्या पानांचे आकडे दिसतात, पण तिथला दिवसही आपला दिवस नसतो हे मला तेव्हा कळलं. तिथल्या तारखा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळावर चालतात, म्हणजे मार्चच्या त्या दिवसांत आपल्या दुपारी साडेबाराला तिथली तारीख बदलत होती. एकाच दिवसाच्या काठीवरून 'याच दिवशी पडलं' असं ठरवणं म्हणूनच फसवं.

शेवटचे दोन-तीन दिवस कच्चे असतात, ते पक्के होईतो थांबून मी ६ एप्रिलला, रामनवमीच्या दुपारी, बसले. आधी दोन साध्या गोष्टी पाहून घेतल्या. वाचक मोजणारं दुसरं यंत्रही तेवढीच घट दाखवतंय का? दाखवत होतं, म्हणजे मोजणीत चूक नव्हती. गूगलने माझ्यावर हाताने काही कारवाई केली आहे का, किंवा साइट कुणी फोडली आहे का? हे दाखवणारी सर्च कन्सोलमधली दोन्ही पानं रिकामी होती.

मग आकडे. पूर्वीच्या आठवड्यात गूगलवरून ९,८०० क्लिक, नंतरच्या आठवड्यात ५,१००. जवळजवळ निम्मं गेलं. एवढीच ओळ बघून मी पूर्वी रडले असते. या वेळी मी पानांचे गट पाडले. सणवाराच्या पानांवर ३,४०० चे ५०० झाले होते. पाककृतींवर २,६०० चे १,७००. देवळं आणि प्रवास या गटात २,८०० चे १,९५०. उरलेलं किरकोळ १,००० होतं ते ९५०. एकूण ४,७०० क्लिक गेले आणि त्यांतले २,९०० एकट्या सणवारातून.

सणवार! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ६ ते १२ मार्च हा होळीच्या तोंडावरचा आठवडा. शिगम्याची मिरवणूक कुठल्या गावात कधी, रोमट म्हणजे काय, होळीला आपल्याकडे काय करतात, हे लोक तेव्हाच शोधणार. २८ मार्चपर्यंत शिगम्याचा भर ओसरलेला. मग तेव्हा कोण शोधणार?

पण 'सण संपला म्हणून उतरलं' हेही अनुमानच, तपासायलाच हवं. सर्च कन्सोलमध्ये लोकांनी गूगलला टाकलेले शब्द गाळून बघता येतात. शिगमो कुणी शिमगा लिहितं, कुणी रोमन लिपीत लिहितं, म्हणून मी सगळे एका चाळणीत घातले. पहिल्यांदा चाळणीत नुसतं `holi` लिहिलं होतं. त्यात शाळांच्या सुट्ट्यांच्या याद्या आणि गोव्याची हॉलिडे पॅकेजं शोधणारेही येऊन पडले, कारण `holiday` या शब्दात `holi` आहेच. मग शब्दाची हद्द आखून दिली:

```
शिगम|शिमग|shigm|होळी|\bholi\b
```

आता जे दिसलं ते स्वच्छ होतं. या शब्दांवर माझी पानं पूर्वीही सरासरी दुसऱ्या जागेवर होती आणि नंतरही दुसऱ्याच जागेवर. फक्त गूगलच्या निकालात ती लोकांसमोर येण्याचं प्रमाणच पाच-सहा पटींनी घटलं होतं. जागा तीच आणि शोधणारे कमी, म्हणजे मागणी ओसरली, माझं पान पडलेलं नाही. जागा खाली गेली असती तर गोष्ट वेगळी. आणि जागाही तीच, शोधणारेही तेवढेच, पण क्लिक कमी असते तर निकालाच्या पानावर माझ्या वर काहीतरी नवं येऊन बसलंय का ते बघावं लागलं असतं. निदानाचा निम्मा भाग या तीन आकड्यांकडे एकत्र बघण्यातच आहे.

सवयीने मी मागच्या सालाशीही ताळा करायला गेले आणि तिथे दोनदा अडखळले. पहिलं म्हणजे सण तिथीने येतो, तारखेने नाही. २०२४ ची होळी २४ मार्चला होती, २०२५ ची १३ मार्चला. तारखेला तारीख लावली तर अकरा दिवसांचा घोळ होतो, म्हणून आठवडे होळीपासून मोजून लावले. दुसरी अडचण अशी की २०२४ मध्येही ५ मार्च ते १९ एप्रिल असा पंचेचाळीस दिवसांचा कोअर अपडेट चालू होता. म्हणजे ज्या आठवड्यांना मी 'निरोगी' समजून तुलनेला घेणार, तेच तापात होते. तो ताळा मी सोडून दिला. गूगल ट्रेंड्सवर शिगम्याचे शब्द होळीला चढून मग उतरलेले दिसले, तेवढ्यावर भागवलं.

तर ४,७०० मधले २,९०० अपडेटच्या खात्यातून बाहेर. राहिले अठराशे.

आता पाककृती, जिथे माझं लाडकं खतखतं आहे. गटातल्या ९०० पैकी ८६० क्लिक फक्त चौदा पानांवरून गेले होते. बाकीची सासवं, मणगणं, उडीदमेथी सगळी जागच्या जागी. हे मला विचित्र वाटलं. गूगलचं मन एखाद्या गटावरून उडालं तर थोडंफार सगळ्यांवरून उडेल ना? त्या चौदांची जागाही घसरली नव्हती. ती निकालात दिसणंच बंद झालं होतं. तिसऱ्यावरून अकराव्यावर गेलेलं पान निदान कुणाला तरी दिसत राहतं. ही पानं शून्य. तीही एकदम नाही, एक २१ तारखेला, दोन २३ ला, काही २५ ला, जणू कुणीतरी येऊन एकेक दार वाजवून 'घरात कुणी नाही' असं लिहून जात होतं.

मी खतखत्याचा जुना पत्ता ब्राउजरमध्ये टाकला. पान सापडत नाही. सर्च कन्सोलमध्ये त्याची तपासणी केली, तिथेही `Not found (404)`.

भाच्याला फोन लावला. तो पर्वरीला नोकरीत, जेवणाच्या सुट्टीत होता. "तू पत्ते साफ केले म्हणजे काय केलंस रे?" त्याने जे सांगितलं ते ऐकून राग यायच्या आधी मला नवलच वाटलं. माझी साइट वर्डप्रेसवर आहे आणि मी लेखांचे पत्ते मराठीतच ठेवते. वर्डप्रेसच्या कोठारात पत्त्यासाठी दोनशे खुणांची जागा असते. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, अर्ध्या अक्षराची प्रत्येक खूण तिथे `%E0%A4%96` अशी नऊ खुणांची होऊन बसते. म्हणजे बावीसेक खुणांत जागा संपते, पुढचं कापलं जातं. माझा पत्ता असा होता: `गोव्याच्या-पद्धतीचे-खतखत`. शेवटची मात्रा गेलेली. मी मोजून बघितलं, पहिल्या शब्दाचे दहा, दुसऱ्याचे आठ, तिसऱ्याचे चार, बावीस नव्वे एकशे अठ्ठ्याण्णव आणि दोन आडव्या रेघा. बरोबर दोनशे. त्या मात्रेला जागाच उरली नव्हती.

असे मध्येच तुटलेले चौदा पत्ते भाच्याच्या डोळ्यांत खुपले. त्याने ते रोमन लिपीत नवे केले. लेखाच्या पानावर जाऊन बदलले असते तर वर्डप्रेसने जुना पत्ता लक्षात ठेवून येणाऱ्याला नव्याकडे पाठवलं असतं. पण त्याला घाई होती, म्हणून त्याने थेट कोठारात हात घालून एका आज्ञेत चौदाही बदलले. जुन्याची आठवण कुठेच राहिली नाही. गूगल जसजसं पुन्हा फिरकत गेलं तसतसं एकेक पान यादीतून गळत गेलं.

सांगायचं तर या घसरणीतला हा हिस्सा आम्ही स्वतः केलेला. अपडेटचा धसका घेऊन औषध दिलं आणि त्या औषधानेच चौदा पानं गेली. त्यात मी खतखत्याचा लेख नव्याने लिहिला असता तर? तो नव्या पत्त्यावर छान लिहिलेला बसला असता, जुन्या पत्त्यावर येणारे दार बंद बघून परत गेले असते, आणि मी म्हटलं असतं की एवढं चांगलं लिहूनही गूगलला आवडत नाही.

उपाय अर्ध्या तासाचा होता. जुन्या प्रतीवरून चौदा पत्ते जसेच्या तसे परत आणले, रोमन पत्त्यांवरून जुन्यांकडे कायमचं वळण, ज्याला ३०१ म्हणतात, ते लावलं, आणि सर्च कन्सोलमधून चौदांची पुन्हा तपासणी मागितली. लेखातला एक शब्दही बदलला नाही. एप्रिल सरता सरता ८६० पैकी ७९० परत आले.

राहिला देवळांचा आणि प्रवासाचा गट. इथे मात्र घसरण खरी होती आणि ती अपडेटचीच. सरासरी जागेवर मी इथे भरवसा ठेवला नाही. पान खालच्या शब्दांवर दिसायचंच बंद झालं तर उरलेल्या शब्दांची सरासरी उलट सुधारलेली दिसते, म्हणून एकेक शोध उघडून बघितला. 'मंगेशी मंदिर कसे जावे' या शोधावर मी तिसरी होते, आता अकरावी. गटाचे पुन्हा दोन भाग पाडले. जिथे मी स्वतः जाऊन, पुजाऱ्यांशी बोलून लिहिलंय अशी तीस पानं, त्यांवर १,५०० चे १,४५०. आणि 'अमुक ठिकाणी कसे जावे' अशा चाळीस पानांवर १,३०० चे ५००.

ही चाळीस पानं मी २०२१ मध्ये घरात बसून लिहिली होती. बाहेर पडायची सोय नव्हती, साइट भरायची होती, म्हणून एक साचा केला आणि देवळाचं नाव बदलत गेले. त्या दुपारी मी चाळीसही सलग वाचली. असं सलग आपलं लिहिलेलं वाचणं ही एक शिक्षाच आहे. प्रत्येकात तेच वाक्य: 'गोव्यात दाबोळी हा एकमेव विमानतळ आहे.' मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे! पेडण्याच्या देवळाच्या पानावरही मी लोकांना सव्वादोन वर्षं दाबोळीला उतरवत होते. या एका वाक्याने पानं पडली असं मी म्हणणार नाही, गूगल कारण सांगत नाही आणि एका ओळीवर असं काही ठरतही नसावं. पण माझ्या वर कोण आलंय ते बघितलं तर बहुतेक देवस्थानांची स्वतःची पानं होती आणि दोन-तीन जणांनी प्रत्यक्ष जाऊन लिहिलेली. माझ्या चाळिसांत त्यांच्याकडे नाही असं काय होतं, हे मला स्वतःलाच सांगता येईना.

म्हणजे ४,७०० मधले साधारण ८०० अपडेटचे. शंभरातले सतराच. साइट नव्याने लिहायची नव्हतीच. चाळीस पानांचा प्रश्न होता, आणि तोही लिहिण्याचा नव्हता, जाण्याचा होता. एप्रिल-मेमध्ये मी कदंबच्या बसने फिरले. जिथे जाता आलं ती अकरा पानं झाली: पणजी-फोंडा बसमधून मंगेशीला नेमकं कुठे उतरायचं, थांब्यापासून देऊळ किती चालायचं, म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या किती लागतील, दुपारी दार बंद असतं का. बाकी एकोणतीस पानांत फक्त विमानतळाची चूक दुरुस्त केली आणि ती तशीच ठेवली. पडलेली पानं उडवून टाका असं काही जण सांगतात. मला ते पटलं नाही, त्यांवर अजूनही दिवसाला काही माणसं येत होती.

शीर्षकं बदललेल्या त्या सहा पानांबद्दल मात्र मी आजही काही सांगू शकत नाही. ती त्या तीस चांगल्या पानांतली. दोन थोडी चढली, तीन पडली, एक तसंच राहिलं. अपडेटने, की शीर्षकाने? अपडेट चालू असतानाच हात घातला त्यामुळे दोन्हींच्या खुणा एकमेकींवर पडल्या. जुनी शीर्षकं परत लावली, पण त्यातून निदान काही निघालं नाही.

असल्या घसरणीतून वर यायला कधी काही दिवस लागतात, कधी महिने, आणि पुष्कळदा पुढचा कोअर अपडेट येईपर्यंत हलत नाही. तो ३० जूनला सुरू झाला, १७ जुलैला संपला. या वेळी मी आलेख उघडलाच नाही, पूर्ण आठवडा जाऊ दिला. मासेमारीची बंदी चालू, घरात सुक्या बांगड्याचा वास, बाहेर धो धो पाऊस. बघितलं तेव्हा अकरांपैकी सात वर आली होती, मंगेशी अकरावरून पाचवर. चार जागची हलली नव्हती आणि का हलली नाहीत ते कळलेलं नाही. एकोणतिसांतली दोन आणखी खाली गेली.

चवथीला भाचा आला. जेवताना खतखतं वाढून घेताना त्याने विचारलं, "मावशी, त्या पत्त्यातली शेवटची मात्रा अजून तशीच आहे गो. नीट करू का? या वेळी व्यवस्थित करतो." मी म्हटलं, "आधी जेव."